धागा: पॉझ केलेल्या एका फ्रेमची चिकित्सा – यंत्रमागावरचे काका, हेडरूम आणि लीड रूम

जुळे_सोलापूर
नमस्कार मंडळी. पूर्व भागातल्या एका यंत्रमाग कारखान्यावर छोटा माहितीपट करतोय. त्यातल्या मुलाखतीची एकच फ्रेम पॉझ करून तपासायची आहे. चित्र टाकत नाही, कारण काकांची परवानगी फक्त माहितीपटापुरती आहे. म्हणून शब्दांत आणि आकड्यांत सांगतो.

पन्नाशी ओलांडलेले काका बसलेले, डोक्यावर पांढरी गांधी टोपी, कंबरेपासून वरचा शॉट. दोन्ही हात समोरच्या चादरीच्या घडीवर. ते स्क्रीनच्या उजवीकडे बघताहेत, चेहरा पाऊण वळलेला. त्यांच्या पाठीमागे, म्हणजे स्क्रीनच्या डावीकडे, चालू माग आणि चादरींची थप्पी. उजवीकडे नुसती चुन्याची भिंत, आणि चौकटीच्या बाहेर खिडकी, तिथूनच उजेड येतोय.

मोबाइलवर पॉझ करून स्क्रीनशॉट घेतला, तो २४००×१०८० आहे. डावीकडून आणि वरून मोजलेली मापं अशी. चेहऱ्याचा मध्य १४२०, नाकाचा शेंडा १५०५, डोक्याची मागची कड १३०५. उभ्यात टोपीचं टोक २२०, डोळे ४२०, हनुवटी ५८०, बोटांची टोकं ९८५.

माझा हिशेब: नाकापुढे ८९५, डोक्यामागे १३०५. फार फरक वाटत नाही. तरी फ्रेम बघताना काहीतरी खुपतं. टोपीवरची जागा जास्त आहे म्हणून, की दुसरंच काही?

शेंगाचटणी
टोपीवर २२० म्हणजे उंचीचा पाचवा भाग नुसता मोकळा, तिथंच घोळ आहे. हेडरूम दहा टक्क्यांच्या आसपास ठेवायची हा साधा नियम. फ्रेम ११० पिक्सेल वर ढकला की झालं काम. लीड रूमचं म्हणाल तर चौकटीचे तीन सारखे भाग पाडले की काका उजव्या रेषेच्या जवळ आहेत, म्हणजे रूल ऑफ थर्ड्स पाळलाय. त्याला हात लावू नका.

हिप्परगा
लीड रूम म्हणजे क्लिपच्या आधी दोन सेकंद जादा रेकॉर्ड करून ठेवतात तेच ना? ते तर एडिटिंगला लागतंच, फ्रेममध्ये कसं मोजणार?

सातरस्ता
हिप्परगा, ते वेगळं. इथं माणूस जिकडे बघतोय तिकडे चौकटीच्या कडेपर्यंत किती मोकळं आहे, एवढाच प्रश्न आहे.

जुळे_सोलापूर, हिशेबाला लागण्याआधी स्क्रीनशॉट बाजूला ठेवा. २४००×१०८० हा तुमच्या फोनच्या स्क्रीनचा आकार आहे, व्हिडिओचा नाही. सोळास-नऊचा व्हिडिओ १०८० उंचीत १९२० रुंद बसतो, म्हणजे दोन्ही बाजूंना २४०-२४० ची काळी पट्टी आली. तुम्ही ती पट्टीही फ्रेम म्हणून मोजली. आडव्या मापांतून २४० वजा करा: चेहरा ११८०, नाक १२६५, डोक्याची मागची कड १०६५. आता नाकापुढे उरतात ६५५ आणि मागे १०६५. तुमच्या हिशेबात पुढची जागा मागच्याच्या सत्तर टक्के होती, खरी ती साठच्या जरा वर आहे. दोन्हीकडे सारखी रक्कम मिळवली की फरक लहान भासतो, तेच झालं.

तिसऱ्या भागाच्या रेषाही अशाच सरकतात. स्क्रीनशॉटवर ग्रिड टाकली तर उभ्या रेषा ८०० आणि १६०० वर पडतात, व्हिडिओच्या मापात त्या ५६० आणि १३६० झाल्या. खऱ्या ६४० आणि १२८० वर हव्यात.

त्यामुळे फ्रेम मूळ फाइलमधूनच काढा. संगणकावर व्हीएलसी असेल तर पॉझ करून `E` दाबत एकेक फ्रेम पुढे जा आणि `Shift+S` ने चित्र साठवा (मॅकवर शॉर्टकट वेगळा आहे, व्हिडिओच्या मेनूत सापडेल). किंवा थेट:

```
ffmpeg -ss 00:01:12 -i mulakhat.mp4 -frames:v 1 frame.png
ffmpeg -i frame.png -vf "drawgrid=w=iw/3:h=ih/3:t=2:c=white@0.5" grid.png
```

वेळ तुमची घाला. दुसऱ्या ओळीने त्याच चित्रावर तीन-बाय-तीन रेषा येतात.

आणि एक सांगा, मूळ रेकॉर्डिंग १०८० चं आहे की ४के? उत्तर त्यावर फिरेल.

जुळे_सोलापूर
अरे, काळ्या पट्ट्यांकडे लक्षच गेलं नव्हतं. मूळ क्लिप ४के आहे, ३८४०×२१६०. टाइमलाइन १०८० ची. फाइलमधून फ्रेम काढून टाइमलाइनच्या मापात पाहिली, तुमची वजाबाकी बरोबर निघाली.

सातरस्ता
४के आहे म्हणजे हात मोकळा आहे. १०८० च्या टाइमलाइनवर दुप्पट मोठं करेपर्यंत चित्राचा नेटकेपणा जात नाही. सगळे आकडे १९२०×१०८० च्याच मापात धरून बोलू.

आधी हेडरूम. शेंगाचटणींचा दहा टक्क्यांचा आकडा एखाद्या शॉटला बसतो, सगळ्यांना नाही. माझ्या मते सुरुवात टोपीपासून नको, डोळ्यांपासून हवी. वरची आडवी रेषा ३६० वर आहे, डोळे ४२० वर, म्हणजे ६० खाली आहेत. डोळे रेषेवर आणले की डोक्यावर किती उरेल हे डोकं फ्रेममध्ये किती मोठं आहे त्यावर आपोआप ठरतं. टोपी सोडली तर काकांचं डोकं २६० ते ५८०, म्हणजे ३२० उंच. डोळे साधारण डोक्याच्या अर्ध्या उंचीवर असतात. तेव्हा ३६० मधून १६० गेले की केसांवर २०० उरतात, टोपीवर १६०. हाच माणूस जवळून घेतला आणि डोकं ५०० झालं, तर डोळे त्याच रेषेवर ठेवूनही डोक्यावर ११० च उरतील. आणखी जवळ गेलात तर कपाळ कापलं जाईल, आणि ते चालतं. म्हणून टक्के पाठ करण्यापेक्षा डोळ्यांची रेषा धरलेली बरी.

शेंगाचटणी, तुम्ही ११० वर ढकला म्हणालात. तसं केलं तर डोळे ३१० वर, रेषेच्या वर. आणि मोठं न करता नुसतं ढकललं तर खाली ११० ची काळी पट्टी उघडी पडते, ते वेगळंच.

शेंगाचटणी
काळ्या पट्टीचं मान्य. पण टोपी पांढरीशुभ्र आणि मागे अंधारा माग, नजर आधी टोपीवरच जाणार. मग हेडरूम टोपीपासून का नाही मोजायची?

सातरस्ता
मोजायची ना, टोपीपासूनच मोजायची. टोपी हा डोक्याचाच भाग धरा, ती कडेला चिकटली तर लगेच डाचते. मी एवढंच म्हणतोय की जागा ठरवायची डोळ्यांवरून, आणि मग टोपीवर पुरेसं उरलं की नाही ते तपासायचं. पॉझ केलेल्या फ्रेममध्ये काका जरा वाकून बसलेत असं वर्णनावरून वाटतं. बोलता बोलता माणूस पाठ सरळ करतो आणि डोकं सहज चाळीस-पन्नास पिक्सेल वर जातं. टोपीवर ६० च ठेवलेत तर त्या क्षणी टोपी कडेला टेकेल.

आता लीड रूम, कारण खुपतंय ते तिथं. शेंगाचटणी म्हणतात उजव्या रेषेजवळ आहेत म्हणजे नियम पाळला. रेषा दोन आहेत, कोणती घ्यायची ते नजर ठरवते. उजवीकडे बघणारा माणूस डाव्या रेषेजवळ हवा, म्हणजे पुढची जागा मोठी राहते. काका उजव्या रेषेपासून १०० वर आहेत आणि बघताहेतही उजवीकडेच. समोर भिंत आणि लगेच कड. मागे हजारावर पिक्सेल, त्यात हलणारा माग. बघणाऱ्याचं लक्ष काकांच्या नजरेमागे जायला निघतं आणि पाठीमागचा माग ते परत ओढतो.

हिप्परगा
मग फ्रेम उलटी करा की राव! एडिटिंगमध्ये फ्लिपचं बटन असतं.

जुळे_सोलापूर
हा विचार माझ्याही डोक्यात आला होता.

सातरस्ता
फ्लिप केल्यावर काका डावीकडे बघतील, पण डाव्या बाजूलाच जातील. पुढे पुन्हा ६५५, मागे १०६५. काहीच बदलत नाही. शिवाय चादरीत विणलेलं नाव उलटं दिसेल आणि शर्टाचा खिसा उजवीकडे जाईल. ज्याच्या घरात सोलापुरी चादर आहे तो पहिल्या सेकंदात ओळखेल.

भुईकोट
मी जरा विरुद्ध बाजूने बोलतो. पुढची जागा कमी ठेवणं ही दर वेळी चूकच असते असं नाही. माणूस कोंडीत सापडलाय, मागे सोडून आलेलं त्याच्या पाठीवर आहे, असं दाखवायला मुद्दाम असं करतात. इथं पाठीमागे माग आणि थप्पी आहे, पुढे कोरी भिंत. काका त्या क्षणी काय बोलताहेत? माग विकायला काढले असं काही असेल तर ही फ्रेम बरोबर आहे.

जुळे_सोलापूर
त्या क्षणी ते जकार्डची पुठ्ठ्याची कार्डं कशी लावतात ते सांगताहेत. चांगल्या मूडमध्ये आहेत. पुढे तिसऱ्या मिनिटाला मुलं या धंद्यात येणार नाहीत असं म्हणतात, पण शॉट तोच, चौकट तीच.

खरं सांगायचं तर ते मुद्दाम नव्हतं. प्रश्न विचारणारा आधी कॅमेऱ्याच्या डावीकडे बसणार होता, त्या हिशेबाने फ्रेम लावली. मग मागाचा आवाज माइकमध्ये फार येतोय म्हणून त्याला उजवीकडे बसवलं, आणि फ्रेम तशीच राहिली.

सातरस्ता
मग कारण सापडलं. खुर्ची हलली, कॅमेरा हलला नाही. मुलाखतीत हे फार वेळा होतं, कारण फ्रेम लावताना माणूस सरळ लेन्सकडे बघत असतो आणि नजर कुठे जाणार ते नंतर ठरतं. विचारणारा बसल्यावर, पहिला प्रश्न सुरू झाल्यावर चौकट पुन्हा बघायची.

भुईकोट यांचा मुद्दा खोटा नाही. पण जकार्ड समजावताना ती कोंडी नुसती अडचण वाटते. तिसऱ्या मिनिटाचं वेगळं बोलू.

आता क्रॉपने काय साधतं ते बघू. उजवी कड जागेवर धरायची आणि काट डावीकडून, म्हणजे पाठीमागून द्यायची.

१२० टक्के मोठं केलं तर १६००×९०० ची खिडकी उरते. ती डावीकडून ३२० आणि वरून १२० वर ठेवा. डोळे बरोबर ३६० वर येतात, टोपीवर १२० राहतात. चेहरा १०३२ वर, नाकापुढे ७८६, मागे ८९४. बोटांची टोकं १०३८ वर, खाली ४२ उरतात, म्हणजे हात शाबूत.

१३० टक्क्यांना चेहरा जवळजवळ ठार मधोमध येतो आणि पुढची जागा मागच्याहून थोडी जास्त होते. पण डोळे रेषेवर ठेवायचे तर खालची कड मूळच्या ९७४ वर पडते आणि बोटांची टोकं कापली जातात. नुसती टोकं कापणं सगळ्यात वाईट, चुकून झाल्यासारखं दिसतं. हात एक तर पूर्ण ठेवा, नाहीतर मनगटाच्या बरंच वर सोडून द्या.

१५० ला हात गेलेच. चेहरा ८१० वर, पुढे ९८२, मागे ६३८, लीड रूम झकास. पण टोपीवर ६०, आणि माग जवळपास संपला. काका सरळ बसले की टोपी वर टेकते. डाव्या रेषेवर पूर्ण आणायचं म्हटलं तर १७३ टक्के लागतात, तिथं टोपीसकट डोकं निम्म्याहून जास्त उंची खातं. तो वेगळाच शॉट झाला.

माझं मत १२० ला. नियमाप्रमाणे लीड रूम तरीही पुरी होत नाही, मागे अजून शंभरेक जास्तच आहेत. पण चेहरा पाऊण वळलेला आहे. पूर्ण बाजूचा चेहरा असता तर एवढ्याने भागलं नसतं, आणि लेन्सच्या जवळ बघत असते तर हा प्रश्नच आला नसता. नजर जितकी कडेला, तितकी पुढे जागा जास्त लागते.

४के फाइलवर थेट करायचं असेल तर मापं दुप्पट:

```
ffmpeg -i mulakhat.mp4 -vf "crop=3200:1800:640:240,scale=1920:1080" -c:a copy kat.mp4
```

शेंगाचटणी
१२० करून बघितलं एका जुन्या क्लिपवर, माप बरोबर येतंय. पण नावाची पट्टी कुठे लावायची? खाली हात आले ना.

सातरस्ता
उजव्या खालच्या कोपऱ्यात, भिंतीवर. तिथं काही नाही. पट्टी डावीकडेच लावायची सवय असते, पण इथं ती थप्पीवर येईल आणि रंगीत नक्षीवर अक्षरं हरवतील. फक्त काकांच्या कोपरापासून थोडं अंतर ठेवा.

हिप्परगा
माझा थोडा वेगळा प्रश्न. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची रील काढतात, उभी फ्रेम, १०८०×१९२०. काठी एवढी उंच, तिथं हेडरूम माणसाची धरायची की काठीच्या टोकाची? आणि मिरवणूक पुढे चालतेय तर पुढे जागा कुठली, उभ्या फ्रेमला रुंदीच नसते.

सातरस्ता
काठीच विषय असेल तर वरची जागा काठीच्या टोकापासून मोजा. ती डुलते, म्हणून पॉझ केलेल्या फ्रेममध्ये पुरेशी वाटणारी जागा पुढच्या पावलाला संपते. जास्तीत जास्त झुकलेल्या क्षणी पॉझ करून तपासा. माणसांचे डोळे तेव्हा खालच्या आडव्या रेषेच्याही खाली जातील, १२८० च्या खाली, त्याला इलाज नाही. पुढच्या जागेसाठी बाजूने न घेता समोरून तिरकं घ्या, म्हणजे चाल रुंदीत न जाता खोलीत जाते.

भुईकोट
जरा थांबा. एका पॉझ केलेल्या फ्रेमवर इतकं सगळं ठरवणं मला पटत नाही. काका मागाकडे मान वळवून दाखवत असतील तर त्या क्षणी नजर डावीकडे. मग लीड रूम १०६५ आणि तुमची काट तीच खाते.

जुळे_सोलापूर
हो, दोनदा वळतात. एकदा तर पूर्ण, माग दाखवायला.

सातरस्ता
बरोबर पकडलंत. म्हणून एक नाही, निदान तीन फ्रेम काढा: बोलायला सुरुवात, वाक्याचा मध्य, आणि नजर सगळ्यात लांब जाते तो क्षण. पापणी मिटलेली किंवा हात हलताना धूसर झालेली फ्रेम घेऊ नका, तिथं डोळ्यांची रेषा मापता येत नाही. `E` दाबत दोन-चार फ्रेम पुढे गेलात की स्वच्छ मिळते.

मागाकडे वळतात तो तुकडा मूळ मापातच ठेवा. तिथं चौकट आपोआप बरोबर आहे. उजवीकडे बघतात तो १२० वर. दोन तुकडे लागून येत असतील तर मध्ये चादरीचा किंवा कार्डांचा जवळचा शॉट टाका. नाहीतर १०० वरून १२० वर उडी दिसेल, एवढासा फरक कटमध्ये चूक वाटतो.

जुळे_सोलापूर
मागाचे जवळचे शॉट भरपूर आहेत, ते जमेल. पुढच्या आठवड्यात कारखान्यात परत जाणं शक्य आहे. पुन्हा शूट केलं तर काय बदलू?

सातरस्ता
दोन रस्ते. एक, काका तसेच उजवीकडे बघू देत, कॅमेरा उजवीकडे वळवा. चेहरा ११८० वरून ६८० च्या आसपास यायला हवा, म्हणजे चौकटीच्या रुंदीचा जवळजवळ चौथा भाग. माग बराच बाहेर जाईल आणि भिंत वाढेल. खिडकीही आत येते का ते बघा. आली तर चौकटीतली सगळ्यात उजळ गोष्ट ती होईल.

दुसरा, कॅमेरा जागेवर, विचारणाऱ्याची खुर्ची कॅमेऱ्याच्या डावीकडे. काका डावीकडे बघतील, पुढे हजारावर पिक्सेल मिळतील, आणि त्या जागेत माग. पण उजेड बदलतो. आत्ता चेहरा खिडकीकडे वळलेला आहे, त्यामुळे लेन्सकडचा गाल जरा सावलीत असणार आणि चेहऱ्याला उठाव येत असणार. डावीकडे वळले की लेन्सकडचा गाल पूर्ण उजेडात येतो, चेहरा सपाट दिसतो. आवाजाची अडचण तर तुम्ही सांगितलीच आहे. मागाजवळ बसणाऱ्याला ओरडून विचारावं लागेल.

शेंगाचटणी
दुसरा रस्ता घ्या. माग बंद ठेवून मुलाखत करा, मग माग चालू करून नुसते शॉट घ्या.

जुळे_सोलापूर
बंद ठेवला की मागे काही हलत नाही, आणि तासभर काम थांबवायला मालक तयार होतील का ते विचारावं लागेल. तोवर १२० वर करून ठेवतो.

तिसऱ्या मिनिटाचं राहिलं. मुलं या धंद्यात येणार नाहीत ते वाक्य.

भुईकोट
ते मूळ मापात, आहे तसं ठेवा. पाठीमागे माग, समोर भिंत. फक्त डोळे ६० वर घ्या.

सातरस्ता
मूळ मापात डोळे वर घेता येत नाहीत, खाली पट्टी उघडी पडते. ११० टक्के करा, चित्र ५४ वर सरकवा, डोळे ३५४ वर येतील. आडवं सरकवू नका, मधूनच मोठं होऊ द्या. चेहरा १२०२ वर जाईल, पुढची जागा ६२४ होईल, भुईकोटना हवी ती कोंडी आणखी आवळेल. मला स्वतःला तिथंही १२० च बरं वाटतं. आधीची दोन मिनिटं एका चौकटीत आणि हे एकच वाक्य दुसऱ्या चौकटीत गेलं, तर बघणाऱ्याला भाव कळण्याआधी कट दिसतो.

भुईकोट
मध्ये कार्डांचा शॉट टाकला तर कट दिसत नाही, हे तुम्हीच वर सांगितलंत.

सातरस्ता
वाक्य सलग चाललंय का, मध्ये श्वास आहे का, त्यावर आहे ते. जुळे_सोलापूर, दोन्ही करून लागोपाठ बघा आणि आवाज बंद करूनही एकदा बघा.